दोन खोल्यांचं घर, दहा लेयर

ऑटोकॅडमध्ये काढलेली एखादी साधी रेघ फाइलमध्ये कशी साठवली जाते, हे पाहायची एक सोपी सोय आहे. ड्रॉइंग `DXF` स्वरूपात सेव्ह करायचं आणि ती फाइल नोटपॅडमध्ये उघडायची. मधल्या काही ओळी गाळल्या, तर एका भिंतीची रेघ तिथे अशी दिसते:

```
  0
LINE
  8
WALL
 62
1
```

यातल्या 8 या आकड्याचा अर्थ ‘पुढच्या ओळीत लेयरचं नाव आहे’ असा. 62 म्हणजे रंग. त्याखाली रेघेची दोन्ही टोकं कुठे आहेत ते आकडे येतात, आणि रेघ संपते. लेयर म्हणजे एवढंच: रेघेसोबत लिहून ठेवलेलं एक नाव.

हे सुरुवातीलाच सांगायचं कारण, लेयर शिकवताना सगळीकडे ट्रेसिंग पेपरचं उदाहरण देतात. एका कागदावर भिंती, दुसऱ्यावर वायरिंग, तिसऱ्यावर फर्निचर, आणि सगळे एकावर एक ठेवले की पूर्ण नकाशा. हाताने ड्रॉइंग काढायच्या काळात हे खरंच तसं होत असे. पारदर्शक फिल्मना भोकं पाडून त्या पिनांवर अडकवत, म्हणजे सगळ्या एका रेषेत बसत. ऑटोकॅड 1982 साली आलं, ते याच सवयीच्या लोकांसाठी. पण ट्रेसिंग पेपर मनात धरून बसलं की एक चुकीची समजूत होते: वरचा लेयर, खालचा लेयर. ऑटोकॅडमध्ये लेयरला वर-खाली असं काही नसतंच. यादीत वर दिसणारा लेयर केवळ नावाच्या अक्षरक्रमामुळे वर असतो. हॅचने भिंतीची रेघ झाकली, तर लेयर बदलून काही होत नाही. त्यासाठी `DRAWORDER` किंवा `HATCHTOBACK` हे वेगळे कमांड आहेत. लेयरचं काम थर लावण्याचं नाही. कोणत्या रेघा एका गटातल्या, हे सांगण्याचं आहे.

गट ठरला की त्या गटाला एकदाच गुण देता येतात: रंग, रेघेचा प्रकार म्हणजे लाइनटाइप, जाडी म्हणजे लाइनवेट, छापायचा की नाही. प्रत्येक रेघ मग ‘माझा रंग लेयर सांगेल तो’ असं म्हणते. यालाच `ByLayer` म्हणतात. वरच्या नमुन्यात 62 आणि 1 या दोन ओळी आहेत ना, त्याच खटकायला हव्यात. याचा अर्थ कुणीतरी ही रेघ निवडून वरच्या पट्टीतून तिला लाल रंग दिला आहे. `ByLayer` असलेल्या रेघेत 62 लिहिलेला नसतोच. आता `WALL` लेयरचा रंग बदलला तरी ही रेघ लालच राहणार. सत्तर भिंतींच्या रेघांमध्ये अशा तीन असतील, तर छापून आल्यावर त्या तीनच वेगळ्या जाडीच्या का आल्या, हे शोधण्यात दुपार जाते. म्हणून रंग, लाइनटाइप आणि लाइनवेट या तिन्ही खिडक्यांत नेहमी `ByLayer` दिसलं पाहिजे. दुसऱ्याची फाइल हाती आली आणि तिच्यात असा गोंधळ असेल, तर `SETBYLAYER` कमांड देऊन सगळ्या वस्तू निवडायच्या. हाताने चिकटवलेले रंग एका फटक्यात निघून जातात.

आता एक प्रत्यक्ष घर घेऊ. बाहेरून आठ मीटर बाय सहा मीटर, दोन खोल्या, संडास-बाथरूम. बाहेरच्या भिंती 230 मिलिमीटर, आतल्या 115. ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये, खऱ्या मापात काढायचं आणि ए-3 कागदावर 1:50 प्रमाणात छापायचं. कागदावर हे घर 160 बाय 120 मिलिमीटरचं होईल, म्हणजे आजूबाजूला मापं आणि शीर्षकाची चौकट सहज बसेल. बाहेरची भिंत कागदावर 4.6 मिलिमीटर रुंद दिसेल, आतली 2.3. हे आकडे लक्षात ठेवू, कारण लेयरची योजना स्क्रीन पाहून करायची नसते, कागदापासून उलटं मोजत यायचं असतं. गवंडी मॉनिटर पाहत नाही, त्याच्या हातात कागद असतो.

कागदावर पहिला प्रश्न जाडीचा. जमिनीपासून साधारण 1.2 मीटरवर घर आडवं कापलं असं समजून प्लॅन काढतात. कापलं गेलं ते जाड, नुसतं दिसतं ते मध्यम, आणि मापं-फर्निचर बारीक. तीन पायऱ्या पुरतात: 0.50, 0.25 आणि 0.13 मिलिमीटर. दर पायरीला जाडी जवळपास निम्मी होते, म्हणून डोळ्याला फरक लगेच कळतो. 0.25 आणि 0.30 असे शेजारचे आकडे निवडण्यात अर्थ नाही. 600 डीपीआयच्या प्रिंटरवर एक ठिपका 0.04 मिलिमीटरचा. 0.13ची रेघ तीन ठिपक्यांची होते, 0.25ची सहा आणि 0.50ची बारा. 0.25 आणि 0.30मध्ये एकाच ठिपक्याचा फरक, तो कुणालाही दिसत नाही. हॅचसाठी मात्र चौथी, 0.09ची जाडी ठेवायची. कारण सांगतो. विटेच्या भिंतीत तिरक्या रेघा भरायला `ANSI31` हा नमुना वापरतात. मेट्रिक फाइलमध्ये त्याच्या रेघांमधलं मूळ अंतर 3.175 असतं. स्केल 20 दिलं, तर 1:50च्या कागदावर ते अंतर सव्वा मिलिमीटर होतं. आतली भिंत 2.3 मिलिमीटर रुंद, त्यामुळे एवढी दाटी हवीच. पण हाच हॅच `WALL` लेयरवर ठेवला, तर दर सव्वा मिलिमीटरला अर्ध्या मिलिमीटरची रेघ येते, आणि भिंत काळी पट्टी होऊन बसते. हॅचला स्वतःचा लेयर हवा तो यासाठी.

अक्षरांचाही असाच हिशेब आहे. कागदावर अडीच मिलिमीटर उंचीचं अक्षर नीट वाचता येतं आणि अक्षराच्या रेघेची जाडी उंचीच्या दहाव्या भागाएवढी असावी, असा प्रघात आहे. म्हणजे 0.25. मॉडेलमध्ये त्या अक्षराची उंची 125 ठेवायची.

जाडी ठरली, आता रंग. इथे नव्या माणसाला वाटतं की रंग शोभेसाठी आहेत. पूर्वी तसं मुळीच नव्हतं. पेन प्लॉटरमध्ये खरोखरची पेनं अडकवलेली असत, आणि ड्रॉइंगमधला रंगाचा क्रमांक म्हणजे कोणतं पेन उचलायचं याची सूचना असे. लाल म्हणजे एक नंबरचं पेन. त्याची जाडी तुम्ही कोणतं पेन अडकवलंय त्यावर अवलंबून. ऑटोकॅड 2000मध्ये लाइनवेट हा रेघेचाच गुण झाला आणि प्लॉट स्टाइलच्या `CTB` फाइल आल्या. पण रंगावरून जाडी ठरवायची रीत आजही पुष्कळ ऑफिसांत चालू आहे. `CTB`मध्ये 255 रंगांपैकी प्रत्येकासमोर ‘हा कोणत्या रंगात, किती जाड छापायचा’ हे लिहिलेलं असतं.

लहान कामासाठी माझा कौल स्पष्ट आहे: जाडी लेयरमध्येच लिहा आणि छापताना `monochrome.ctb` निवडा. ही फाइल ऑटोकॅडसोबतच येते, सगळे 255 रंग काळे छापते आणि जाडी लेयरवरची घेते. स्वतःची `CTB` बनवली तर ती `DWG`च्या आत जात नाही, वेगळी फाइल म्हणून तुमच्याच कॉम्प्युटरवर राहते. ड्रॉइंग पेनड्राइव्हवर घेऊन प्लॉटिंगच्या दुकानात गेलात, की तिथल्या मशीनला तुमची `CTB` सापडत नाही आणि पिवळी भिंत पांढऱ्या कागदावर पिवळीच छापली जाते, म्हणजे दिसतच नाही. दुकानात `DWG`ऐवजी `PDF` न्यावी हे तर आहेच. पण जी फाइल उद्या दुसऱ्याच्या हाती जाणार, तिची जाडी तिच्यातच असलेली बरी. मोठ्या ऑफिसात एकच `CTB` सगळ्यांकडे असते, तिथे रंगाची पद्धत चालते. तिला मी वाईट म्हणणार नाही.

एक खबरदारी मात्र हवी. लेयरचा रंग निवडताना `Index Color` याच टॅबमधून निवडावा. शेजारच्या `True Color` मधला एखादा सुंदर निळा घेतला, तर तो 255 रंगांच्या यादीत नसतो आणि `CTB`चं त्याच्यावर काही चालत नाही. सगळा नकाशा काळा येतो आणि एक खोलीच तेवढी निळी. असं झालं की प्रिंटरला दोष देण्याआधी त्या लेयरचा रंग उघडून बघावा.

जाडीचं ओझं रंगावरून उतरलं, की रंग मोकळा होतो आणि डोळ्यासाठी वापरता येतो. इथे माझा एक आग्रहाचा नियम आहे: पांढरा, म्हणजे 7 नंबर, कुठल्याही कामाच्या लेयरला द्यायचा नाही. नव्या फाइलमध्ये `0` नावाचा लेयर आधीपासून असतो, त्याचा रंग 7. नवा लेयर केला तरी तो साधारणपणे याच रंगात जन्मतो. तेव्हा स्क्रीनवर काहीही पांढरं दिसलं तर समजायचं, ही वस्तू अजून आपल्या घरी गेलेली नाही. एका नजरेत तपासणी होते, काही दाबावं लागत नाही. बाकी रंग काळ्या पार्श्वभूमीवर किती उठतात ते पाहून द्यावेत. सगळ्यात ठळक पिवळा, तो भिंतींना. 5 नंबरचा गडद निळा काळ्यावर बुडून जातो, तो टाळावा. 8 आणि 9 हे राखाडी, ते मागे राहायला हव्यात अशा गोष्टींना.

या घरासाठी मी ठेवीन ती योजना अशी. क्रमाने लेयरचं नाव, रंगाचा क्रमांक, लाइनटाइप आणि जाडी:

```
WALL      2    Continuous  0.50
DOORWIN   4    Continuous  0.25
OVER      6    HIDDEN      0.25
TEXT      3    Continuous  0.25
ELEC      150  Continuous  0.25
GRID      30   CENTER      0.13
DIM       1    Continuous  0.13
FURN      9    Continuous  0.13
HATCH     8    Continuous  0.09
VPORT     252  Continuous  Default
```

शेवटच्या `VPORT`वर लेआउटमधल्या व्ह्यूपोर्टच्या चौकटी ठेवायच्या आणि त्याच्या प्रिंटरच्या चिन्हावर क्लिक करून छपाई बंद करायची. हे काम काही जण `Defpoints` लेयरवर भागवतात, कारण तो कधी छापला जात नाही. पण तो लेयर पहिलं माप टाकताच ऑटोकॅड स्वतःच्या सोयीसाठी बनवतं, आणि त्यावर आपण चुकून काढलेली भिंत स्क्रीनवर दिसते, कागदावर गायब होते. तिथे आपलं काही ठेवू नये.

`OVER` म्हणजे कापाच्या पातळीच्या वर असलेल्या गोष्टी: छज्जा, माळा, बीम. त्या प्लॅनमध्ये तुटक रेघेने दाखवतात, आणि लाइनटाइपमधली बहुतेक भांडणं याच लेयरवर होतात. म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीवरचा एक छज्जा घेऊ. लांबी दीड मीटर, भिंतीबाहेर आलेला 450 मिलिमीटर. भिंतीलगतची बाजू सोडली तर तीन रेघा. 1:50च्या कागदावर समोरची रेघ 30 मिलिमीटरची आणि बाजूच्या दोन नऊ-नऊ मिलिमीटरच्या.

`HIDDEN` हा लाइनटाइप `acadiso.lin` या फाइलमध्ये असा लिहिलेला आहे:

```
*HIDDEN,Hidden __ __ __ __ __
A,6.35,-3.175
```

6.35चा तुकडा, मग 3.175ची मोकळी जागा, की पुन्हा तेच. ऋण आकडा म्हणजे पेन उचललेलं. दोन्ही मिळून 9.525 झाले. आणि ऑटोकॅडचा नियम असा, की रेघेत हा एक पूर्ण फेरासुद्धा बसत नसेल तर ती सरळ अखंड काढायची. आपली बाजूची रेघ नऊ मिलिमीटरची आहे. म्हणजे छज्ज्याची समोरची बाजू तुटक, आणि दोन बाजू अखंड. लेयर बरोबर, लाइनटाइप बरोबर, तरी कागदावर चुकीचं. गवंड्याला वाटेल भिंतीला दोन कट्टे काढायचे आहेत.

यावर उपाय `LTSCALE`. हा सगळ्या फाइलमधल्या तुटक रेघांचा गुणक आहे. तो 0.3 केला की तुकडा 1.9 मिलिमीटरचा, मोकळी जागा जवळपास एक मिलिमीटर, आणि पूर्ण फेरा 2.86चा. नऊ मिलिमीटरमध्ये आता तीन फेरे बसतात आणि बाजूही तुटक दिसते. हाच गुणक `CENTER`ला लागतो तेव्हा त्याचा 50.8चा फेरा सव्वापंधरा मिलिमीटरचा होतो. आपली 160 मिलिमीटरची सेंटर लाइन म्हणजे दहा फेरे, बघायला अगदी बरोबर. लहान ड्रॉइंगमध्ये एकाच `LTSCALE`वर सगळं भागवावं. एकेका रेघेचं वेगळं लाइनटाइप स्केल बदलायची सोय आहे, पण तो पुन्हा `ByLayer` मोडण्याचाच प्रकार, नंतर कुणाला सापडत नाही.

छज्जा पॉलिलाइनने काढला असेल तर आणखी एक मार्ग आहे. ऑटोकॅड पॉलिलाइनच्या प्रत्येक बाजूवर तुटक नमुना नव्याने सुरू करतं. `PLINEGEN` 1 केल्यावर काढलेल्या पॉलिलाइनमध्ये तो कोपऱ्यातून वळत पुढे जातो. नागमोडी रेघांना, विशेषतः जमिनीच्या उंचसखलपणाच्या रेघांना, हे हवंच. छज्ज्याला मात्र मी ते लावत नाही, कारण मग मोकळी जागा नेमकी कोपऱ्यावर येऊ शकते आणि कोपरा उघडा दिसतो.

हे सगळे आकडे कागदावरचे धरले, कारण `PSLTSCALE` 1 असेल तर लेआउटमध्ये ऑटोकॅड तुटक रेघा कागदाच्या मापाने मोजतं. मॉडेलमध्ये तोच नियम लावायला `MSLTSCALE` 1 हवा आणि खालच्या पट्टीत प्रमाण 1:50 निवडलेलं हवं. ते चुकून 1:1 राहिलं, तर दोन मिलिमीटरचे तुकडे आठ मीटरच्या घरावर काढले जातात आणि सगळं अखंडच भासतं. ‘मॉडेलमध्ये सरळ दिसतं, लेआउटमध्ये तुटक’ ही तक्रार ऐकली की आधी तिथे बघायचं. जुन्या फाइलमध्ये `MSLTSCALE` 0 असेल आणि थेट मॉडेलमधून छापायचं असेल, तर `LTSCALE` 0.3च्या पन्नासपट, म्हणजे 15 द्यावा लागतो. कुठलाही बदल केल्यावर `REGENALL` दिल्याशिवाय निकाल दिसेलच असं नाही.

लेयर बंद करण्याचे तीन प्रकार आहेत आणि ते एकच असल्यासारखे वापरले जातात. `Off` केलं की लेयर दिसत नाही, पण ऑटोकॅडच्या लेखी तो जागाच असतो. `Freeze` केलं की तो हिशेबातूनच बाहेर जातो. `Lock` केलं की दिसतो, फिका होतो, त्याचे कोपरे पकडता येतात, पण त्याला हलवता किंवा पुसता येत नाही. फरक कुठे पडतो ते पाहा. मापांचा लेयर `Off` करून कुणी `ERASE` दिलं आणि निवडायला `ALL` टाइप केलं, तर न दिसणारी मापंही पुसली जातात. `Freeze` किंवा `Lock` केली असती तर वाचली असती. म्हणून भिंती काढून झाल्या की `WALL` लॉक करावा. दरवाजे, मापं, फर्निचर सगळं तिच्या आधाराने काढता येतं आणि भिंतीला धक्का लागत नाही.

दरवाज्याच्या ब्लॉकमध्ये `Off` आणि `Freeze` आणखी वेगळे वागतात. दरवाजा एकदा काढून त्याचा ब्लॉक करतात आणि मग जिथे हवा तिथे टाकतात. त्याच्या आतल्या रेघा `0` लेयरवर, `ByLayer` रंगात काढलेल्या असतील, तर ब्लॉक ज्या लेयरवर टाकाल त्याचेच गुण तो घेतो. `DOORWIN`वर टाकला की तो निळसर आणि 0.25चा. `0` लेयर खास यासाठी आहे. एरवी त्यावर काही काढू नये. तो पुसता येत नाही, त्याचं नावही बदलता येत नाही. आता समजा दरवाज्याचं पान चुकून `FURN`वर काढलं होतं आणि तसाच ब्लॉक `DOORWIN`वर टाकला. `DOORWIN` `Off` केला तर चौकट जाते, पान तिथेच लटकत राहतं. `Freeze` केला तर सगळा ब्लॉक जातो. आणि फर्निचर नको म्हणून `FURN` फ्रीझ केला, तर चौकटी राहून सगळ्या दरवाज्यांची पानं नाहीशी होतात. अशी पानं हरवलेली दिसली की ब्लॉकवर दोनदा क्लिक करून `BEDIT`मध्ये जायचं आणि आतल्या रेघा `0`वर आणायच्या. एका ब्लॉकमध्ये दुरुस्ती केली की घरातले त्या जातीचे सगळे दरवाजे सुधारतात.

लेयरचा खरा फायदा दुसऱ्या कागदाच्या वेळी मिळतो. गवंड्याला मापं हवीत, फर्निचर नको. इलेक्ट्रिशियनला फर्निचर हवं, कारण पलंग कुठे येणार त्यावर स्विचबोर्ड ठरतो, पण मापांची गर्दी नको. यासाठी घर दोनदा काढायचं नसतं. दोन लेआउट करायचे आणि दोन्हींत त्याच मॉडेलकडे पाहणारा व्ह्यूपोर्ट ठेवायचा. व्ह्यूपोर्टच्या आत दोनदा क्लिक करून लेयरची यादी उघडली की `VP Freeze` नावाचा रकाना दिसतो. पहिल्या लेआउटमध्ये तिथे `FURN` आणि `ELEC` फ्रीझ, दुसऱ्यात `DIM`, `GRID` आणि `HATCH` फ्रीझ. हे फ्रीझ त्या खिडकीपुरतंच असतं. नेहमीच्या `Freeze`च्या रकान्यात क्लिक केलं तर ते दोन्ही कागदांवर आणि मॉडेलमध्येही लागू होतं. रकाने शेजारी-शेजारी असल्याने ही चूक फार होते. इलेक्ट्रिकच्या कागदावर भिंती बारीक हव्यात, म्हणजे पॉइंट उठून दिसतील. त्यासाठी त्याच यादीत `VP Lineweight` आहे, तिथे `WALL`ला 0.13 दिलं की फक्त त्या कागदावर भिंत बारीक होते. उद्या मालकाने खिडकी सरकवायला सांगितली, तर ती मॉडेलमध्ये एकदा सरकवायची, दोन्ही कागद आपोआप बरोबर.

छापायच्या आधी `LAYWALK` हे कमांड जरूर चालवावं. त्यात लेयरची यादी येते आणि ज्या नावावर क्लिक करू तेवढाच लेयर स्क्रीनवर राहतो. `WALL` एकटा पाहिला की घराचा पूर्ण सांगाडा दिसला पाहिजे, खिडक्या-दरवाज्यांच्या जागी भगदाडं सोडून. तिथे एखादं माप तरंगत असेल तर ते भरकटलेलं. `DIM` एकटा पाहिला की हवेत फक्त आकडे आणि बाण. अशी भरकटलेली वस्तू दिसली की खिडकी बंद करून `LAYMCH` द्यायचं, ती वस्तू निवडायची आणि मग योग्य लेयरवरच्या कुठल्याही रेघेवर क्लिक करायचं. दहा लेयर पाहून व्हायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

एक गोष्ट या योजनेत मुद्दाम घेतलेली नाही: नगरपालिका किंवा महापालिकेच्या बांधकाम परवानगीचा नकाशा. तिथे रंग कागदावरही लागतात. प्रस्तावित काम लाल, पाडायचं काम पिवळं, ड्रेनेज लाल तुटक. अशा कागदाला `monochrome.ctb` लावली तर सगळंच काळं होईल, म्हणून ते रंग भरायचे लेयर वेगळे करून छापताना रंगीत प्लॉट स्टाइल निवडावी लागते. शिवाय आता पुण्यासारख्या महापालिकांत नकाशा आधी सॉफ्टवेअर तपासतं. पुण्यातच तयार झालेली ऑटोडीसीआर ही प्रणाली त्यातली जुनी. सॉफ्टवेअर रेघ कशी दिसते ते बघत नाही, 8 नंबरच्या ओळीखालचं नाव वाचतं. प्लॉटची हद्द ठरवून दिलेल्या लेयरवर नसेल, तर ती कितीही जाड आणि सुबक असली तरी सॉफ्टवेअरपुरती ती हद्दच नाही, आणि क्षेत्रफळ चुकतं. म्हणून परवानगीचं ड्रॉइंग त्या कार्यालयाने दिलेल्या लेयरच्या यादीवर करायचं, आणि कामाच्या ड्रॉइंगची वेगळी प्रत आपल्या यादीवर.

ही योजना दरवेळी नव्याने टाइप करत बसू नये. रिकामी `acadiso.dwt` उघडून दहा लेयर करावेत, `HIDDEN` आणि `CENTER` लोड करावेत, `LTSCALE` 0.3 द्यावा, ए-3चे दोन लेआउट 1:50च्या व्ह्यूपोर्टसह लावून ठेवावेत, त्यांच्या पेज सेटअपमध्ये `monochrome.ctb` निवडावी आणि फाइल `DWT` म्हणून सेव्ह करावी. एखादा आडवा-उभा दरवाजा `0` लेयरवर काढून त्याचा ब्लॉक त्यातच ठेवला तर आणखी बरं. जुन्या कामाची फाइल रिकामी करून टेम्पलेट बनवू नये. तिच्यात न वापरलेले लेयर, परके लाइनटाइप आणि कुणाकुणाचे ब्लॉक दडून येतात, आणि `PURGE` दिल्यावरही त्यातले काही निघत नाहीत, कारण कुठल्या तरी ब्लॉकच्या पोटात त्यांची एखादी रेघ अजून शिल्लक असते.